रिमोट, घड्याळ, खेळणी: कुठे चार्जेबल सेल, कुठे अल्कलाइन

प्रश्न: घरात टीव्हीचा रिमोट, भिंतीवरची दोन घड्याळं आणि मुलाच्या बॅटरीवरच्या गाड्या, सगळ्यांना डबल ए सेलच लागतात. गाड्यांचे सेल तर सारखे संपतात. सगळीकडे चार्जेबलच टाकून मोकळं व्हावं म्हणतोय, पण त्यावर १.२ व्होल्ट लिहिलंय आणि अल्कलाइनवर १.५. मग गाडी हळू नाही का चालणार? आणि घड्याळ मागे पडलं तर?

उत्तर:

गाड्यांमध्ये चार्जेबल टाका, घड्याळात अल्कलाइन राहू द्या, रिमोटचं जरा वेगळं आहे ते शेवटी सांगतो. खेळणी आणि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो, आणि हा १.२ विरुद्ध १.५ चा घोळ जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो, त्यामुळे आधी तोच सोडवू.

अल्कलाइनवर १.५ लिहिलेलं असतं ते फक्त सुरुवातीचं असतं. नवा सेल मीटरला लावला तर १.६ च्या आसपास दाखवतो, पण वापर सुरू झाला की तो उतरायला लागतो आणि उतरतच राहतो, १.४, १.३, १.२, १.१, असं करत करत ०.९ ला आला की बहुतेक वस्तू हात टेकतात. म्हणजे अल्कलाइन आयुष्यातला बराच काळ १.२ च्या आसपास किंवा त्याखालीच असतो, फक्त ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. चार्जेबल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, चार्जरमधून काढला की १.४ च्या आसपास असतो, थोड्याच वेळात १.२५ ला येतो आणि मग जवळजवळ संपेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसतो. शेवटच्या काही मिनिटांत धाडकन पडतो. एक उतारावरून घसरतो, दुसरा सपाटीवर चालत जाऊन कड्यावरून खाली पडतो, एवढाच दोघांच्या स्वभावातला फरक.

दुसरी गोष्ट आतल्या विरोधाची, इंटर्नल रेझिस्टन्स. सेलमधून जेवढा करंट जास्त मागाल तेवढे व्होल्ट सेलच्या आतच खाल्ले जातात. नव्या अल्कलाइनचा हा विरोध ढोबळमानाने ०.१५ ते ०.३ ओहम असतो आणि सेल संपत जातो तसा वाढत जातो. चांगल्या चार्जेबलचा ०.०३ च्या आसपास, म्हणजे पाच ते दहा पट कमी. घड्याळाला याने काडीचाही फरक पडत नाही कारण ते करंट मागतच नाही. गाडीच्या मोटरला मात्र इथेच सगळा फरक पडतो.

आता तुमची गाडी घेऊ. चार सेल एकामागे एक लावलेली, सपाट फरशीवर चालताना साधारण ६०० मिलीअँपिअर ओढणारी, अशा बऱ्याच असतात. नवे अल्कलाइन टाकले, नुसते मोजले तर चौघांचे मिळून ६.४ व्होल्ट. गाडी सुरू केली की तेच साडेपाचच्या आसपास येतात, कारण चार सेलचा आतला विरोध मिळून ०.८ ओहम धरला तर ६०० मिलीअँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला, आणि बाकीचा थोडा सेलमधल्या रासायनिक क्रियेच्या संथपणात जातो. पहिली वीस-तीस मिनिटं गाडी मस्त पळते, चार्जेबलपेक्षा नक्कीच जोरात, हे मान्य. मग पाऊण तासाच्या आसपास प्रत्येक सेल १.२ ला येतो, म्हणजे गाडीला ४.८ मिळतात, आणि पुढे घसरगुंडी चालूच. दीड-दोन तासांत प्रत्येक सेल १.० च्या आसपास, गाडी सरपटायला लागलेली, गालिच्यावर तर चढतच नाही.

त्याच गाडीत २००० एमएएचचे चार्जेबल टाका. चालू गाडीत पाच व्होल्टच्या आसपास मिळतात, आतल्या विरोधात जेमतेम ०.०७ व्होल्ट जातात. गाडी पहिल्या मिनिटाला जशी चालते तशीच दोन-अडीच तासांनी चालते, तीन तासांच्या आसपास अचानक मंद होते आणि थांबते. २००० भागिले ६०० म्हणजे सव्वातीन तास, त्याच्या जवळपासच उत्तर येतं. अल्कलाइनच्या बाबतीत असा भागाकार करायला गेलात तर फसाल, कारण अल्कलाइनची २५०० किंवा त्याहून जास्त एमएएच कपॅसिटी ही अगदी हळू, २५ मिलीअँपिअरसारख्या करंटने वापरला तर मिळते. मोटरच्या करंटला त्यातली निम्मी हाती लागली तरी नशीब म्हणायचं. म्हणून कपॅसिटी जास्त दिसते म्हणून खेळण्यात अल्कलाइन जास्त चालेल हा हिशेब उलटा पडतो.

यातून एक चांगली सवय निघते बघा. गाडीतून 'संपले' म्हणून काढलेले अल्कलाइन खरं तर निम्मे शिल्लक असतात. थोडा वेळ ठेवून मोजले तर १.२ ते १.३ दाखवतात. ते फेकू नका, साध्या भिंतीवरच्या घड्याळात टाका, आरामात काही महिने चालतात. फक्त त्यावर मार्करने तारीख लिहा, का ते पुढे येईल.

चार्जेबल टाकल्यावर गाडी खरंच चालत नाही असंही होतं, त्यालाही कारणं आहेत. आवाज, लाइट आणि मोटर तिन्ही असलेलं खेळणं असेल तर आत एक छोटा चिप असतो, आणि मोटर सुरू होताना करंटचा जो झटका बसतो त्यात व्होल्टेज क्षणभर खाली जातं. चिपला जेवढं लागतं त्याच्या खाली गेलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. लक्षण ओळखायला सोपं: बटण दाबलं की स्वागताचं गाणं सुरू होतं, चाकं जरा हलतात, आणि परत तेच गाणं पहिल्यापासून. हे जुन्या अल्कलाइनवर फार दिसतं, चार्जेबलवर सहसा नाही. चार्जेबलवर दिसलं तर आधी स्प्रिंग आणि पत्रे बघा, बऱ्याचदा तिथे गंज असतो आणि दोष सेलच्या माथी मारला जातो. जिथे खेळण्याच्या झाकणावरच 'रिचार्जेबल वापरू नका' असं लिहिलेलं असेल तिथे मात्र ऐका. कधी ते व्होल्टेजसाठी असतं, कधी यासाठी की चार्जेबलचा आतला विरोध कमी, त्यामुळे आत कुठे शॉर्ट झालं तर तो अल्कलाइनपेक्षा कितीतरी जास्त करंट सोडतो, तारा आणि स्प्रिंग तापून प्लास्टिक वितळू शकतं. याच कारणाने भरलेले सुटे चार्जेबल सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नयेत.

आता सगळ्यात जास्त सेल कशाने मरतात ते सांगतो, कारण लोक म्हणतात चार्जेबल दोन महिन्यांत वाया गेले आणि त्यात सेलचा दोष क्वचितच असतो. चार सेल एकामागे एक लावले की सगळ्यांतून तोच करंट जातो. त्यातला एक जरी कमी भरलेला किंवा जुना असला तर तो आधी संपतो, पण बाकीचे तीन अजून ढकलत असतात, आणि संपलेल्या सेलमधून उलट्या दिशेने व्होल्टेज चढायला लागतं. त्याला सेल रिव्हर्सल म्हणतात. चार्जेबलला हे फार लागतं, एकदोनदा झालं तरी कपॅसिटी कायमची कमी होते, मग तो पुढच्या वेळी आणखी आधी संपतो आणि आणखी उलटा होतो. अल्कलाइनच्या बाबतीत असं झालं की आत गॅस तयार होतो आणि सेल गळतो. मूल गाडी चालू सोडून झोपी गेलं, रात्रभर ती कोपऱ्यात भिंतीला टेकून घूं घूं करत राहिली, की नेमकं हेच घडतं, आणि चाक अडकलेलं असताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते ते वेगळंच.

म्हणून चारचा एक संच करा, चौघांवर मार्करने एकच अक्षर लिहा, 'क' संचाचे चारही एकत्रच वापरायचे आणि एकत्रच चार्ज करायचे. तीन नवे एक जुना नाही, चार्जेबल आणि अल्कलाइन मिसळायचे तर अजिबात नाही, आणि गाडी मंद झाली की बंद करून काढून घ्यायचे, शेवटचा थेंब काढत बसायचं नाही. मेमरी इफेक्टमुळे पूर्ण उतरवूनच चार्ज करायला हवं हा जुन्या निकेल कॅडमियमच्या काळातला सल्ला आहे, आता तो धरून बसू नका. संचातला कमजोर सेल शोधायचा असेल तर गाडी मंद पडल्या पडल्या लगेच चारही काढून मोजा. तीन १.१५ ते १.२ असतील आणि एक ०.८ असेल तर तोच चोर. अर्धा तास ठेवून मोजलंत तर तोही १.२ दाखवेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल, कारण आराम मिळाला की व्होल्टेज वर येतं.

तसंही चार्जेबल सेल नुसता मीटरला लावून किती भरलाय ते कळत नाही, ८० टक्के आणि ३० टक्के यांत जेमतेम काही शतांश व्होल्टचा फरक असतो. अल्कलाइनचा अंदाज येतो. टेबलावर दोन-तीन सेंटिमीटरवरून सपाट बाजूने उभा टाकायची युक्ती आहे ना, नवा धप्पकन बसतो आणि वापरलेला उडतो, ती खरी आहे, कारण आतली जस्ताची पूड वापरानंतर ऑक्साइड होऊन घट्ट जाळं बनते. पण सेल निम्मा वापरला गेला की तो जेवढा उडायचा तेवढा उडायला लागतो, म्हणजे उडाला तर 'नवा नाही' एवढंच समजायचं, 'संपला' नाही. चार्जेबलला ही युक्ती लागू नाही.

चार्जरवर थोडं. सेल मरण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे सेलबरोबर फुकट मिळणारा चार्जर, ज्यात सेल दोन-दोनच्या जोडीनेच चार्ज होतात आणि सेल भरला की नाही हे तो बघतच नाही, नुसता टायमरवर चालतो किंवा तोही नसतो. घेताना दोनच गोष्टी बघा, प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा किंवा आकडा आहे का, आणि एकच सेल टाकला तरी तो चार्ज करतो का. असा चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. निकेल मेटल हायड्राइड भरला की त्याचं व्होल्टेज वाढायचं थांबून काही मिलीव्होल्ट खाली येतं, तो बारीक उतार पकडून चार्जर थांबतो. हा उतार पकडता यावा म्हणून करंट फार कमीही चालत नाही, २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलीअँपिअर बरं. शेवटी सेल कोमट-गरम लागणं ठीक, हातात धरवत नाही इतका तापला तर एकतर चार्जर थांबला नाही किंवा सेल म्हातारा झाला. आणि साधे अल्कलाइन चार्जरमध्ये घालायचे नाहीत, आत गॅस होऊन ते फुटतात किंवा गळतात. सेल चार्ज करताना खेळण्यातून काढूनच, आणि मोठ्या माणसानेच.

घड्याळाकडे येऊ. साधं टिकटिकणारं क्वार्ट्झ घड्याळ सेकंदाला एकदा छोट्याशा मोटरला झटका देतं आणि मधल्या वेळात जवळजवळ झोपलेलं असतं. सरासरी करंट साधारण ०.१५ मिलीअँपिअर धरा. वर्षाचे ८७६० तास, गुणिले ०.१५, म्हणजे तेराशे एमएएच. इतक्या हळू वापरात अल्कलाइन त्याची पूर्ण कपॅसिटी देतो, म्हणून दीड-दोन वर्षं सहज जातात. चार्जेबल टाकला तरी घड्याळ चालेल, १.२ वर बहुतेक मशीन नीट चालतात, आणि मागे पडण्याचं म्हणाल तर वेळ क्वार्ट्झच्या कंपनावर ठरते, सेलच्या व्होल्टवर नाही. मागे पडतं ते सेल इतका उतरल्यावर, की झटका अपुरा पडून मोटर एखादं पाऊल चुकवते. याचं लक्षण फार मजेशीर असतं: सेकंदकाटा नऊच्या आसपास अडकून जागच्या जागी थरथरतो, तीनच्या बाजूला मात्र नीट जातो. कारण सहाकडून बाराकडे जाताना काटा उचलावा लागतो आणि नऊला तो आडवा असल्यामुळे सगळ्यात जड पडतो. असं दिसलं की घड्याळ बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेऊ नका, आधी सेल बदला.

तरी घड्याळात चार्जेबल का नको म्हणतो, तर तो वर्षभरात काहीही न करता स्वतःहून काही टक्के उतरतोच. आता मिळणारे कमी उतरणारे सेल, ज्यांच्यावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'प्री-चार्ज्ड' लिहिलेलं असतं, ते वर्षानंतर ७० ते ८५ टक्के शिल्लक ठेवतात. या प्रकारचे पहिले सेल सान्योने २००५ मध्ये एनेलूप नावाने आणले, त्याआधीचे साधे तर महिन्याला २० टक्के किंवा जास्त गमवायचे, म्हणून जुन्या लोकांच्या मनात चार्जेबलबद्दल राग बसलाय. पण सेल शेकडो वेळा चार्ज होऊ शकतो हाच त्याचा फायदा आहे, आणि घड्याळात तो वर्षातून एकदा चार्ज होणार, म्हणजे त्याचं म्हातारपण वापराने नाही, वयानेच येणार. तो सेल गाडीत जास्त उपयोगी. टिकटिक न करणारं, काटा सरसर फिरणारं घड्याळ असेल तर ते जास्त करंट खातं, तिथे हवं तर वापरा.

रिमोटचं गणित आणखी वेगळं. बटण न दाबता तो मायक्रोअँपिअरमध्ये खातो, दाबल्यावर इन्फ्रारेडच्या दिव्याला क्षणभर मोठा झटका देतो, पण दिवसाचा एकूण वापर नगण्य. अल्कलाइन वर्ष-दोन वर्षं सहज जातो आणि हीच अडचण आहे, कारण तो विसरला जातो. अल्कलाइनमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं, जस्त हळूहळू गंजून हायड्रोजन तयार होतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि द्रावण बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरं पापुद्र्यासारखं मीठ बनतं. माझ्याकडे 'बंद पडला' म्हणून येणाऱ्या रिमोटपैकी बरेचसे याच पांढऱ्या थराने मेलेले असतात. म्हणून घड्याळात टाकलेल्या वापरलेल्या सेलवर तारीख लिहा म्हटलं, चालत असला तरी दोन वर्षांनी काढूनच टाका. चार्जेबल फार क्वचित गळतात, त्यामुळे रिमोट महागाचा असेल किंवा परत मिळणारा नसेल, तर त्यात कमी उतरणारे चार्जेबल टाकायला माझी काहीच हरकत नाही. इथे ते बचतीसाठी नाहीत, गळतीचा विमा म्हणून आहेत. स्क्रीन असलेले काही रिमोट २.४ व्होल्टवर अक्षरं फिकी दाखवतात, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

थर आधीच बसला असेल तर सेल काढा, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पत्र्यावर फिरवा, बारीक फेस येतो तो त्या मिठाचाच, फेस थांबला की ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा. हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. स्प्रिंग हिरवी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून चमक दिसेपर्यंत साफ करा. रिमोट चालतोय का हे बघायचं तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबा, बऱ्याच फोनवर दिवा जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. दिसला तर सेल आणि रिमोट ठीक, बिघाड टीव्हीच्या बाजूला.

अजून एक प्रकार दिसतो, यूएसबीच्या केबलने चार्ज होणारा आणि १.५ व्होल्ट लिहिलेला. आत लिथियमचा छोटा सेल आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं, त्यामुळे शेवटपर्यंत १.५ देतो आणि मग एका क्षणात बंद. गाडीला चांगला वेग मिळतो, पण ते सर्किट स्वतः सतत थोडं खात असतं म्हणून घड्याळ-रिमोटसाठी तो योग्य नाही, आणि निकेलवाल्या चार्जरमध्ये तो कधीच घालायचा नाही. दिसायला बाकीच्यांसारखाच असतो, म्हणून घरात दोन्ही आणणार असाल तर डबेच वेगळे ठेवा.